उर्दू उठली ते साल

मराठवाड्यातल्या वयस्क माणसांशी जुन्या दिवसांबद्दल बोलायला बसलं की थोड्याच वेळात एक शब्द येतो, 'ॲक्शन'. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. सरकार त्याला पोलीस कारवाई म्हणालं, लोकांनी त्याचं 'ॲक्शन' केलं. आमच्याकडे काळाचे दोनच भाग आहेत. एक ॲक्शनच्या आधीचा, दुसरा नंतरचा.

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे एक प्रश्न बरीच वर्षं माझ्या मनात होता. ज्या मुलखात सरकारी कारभार, कोर्टकचेऱ्या आणि शिक्षण उर्दूत चालत होतं, तिथे एका पिढीच्या आयुष्यात मराठी आली. हे साध्या माणसांच्या घरात नेमकं कसं घडलं? कायदे आणि तारखा पुस्तकांत सापडतात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. पण भाषा बदलली तेव्हा घरातल्या कमावत्या माणसाचं काय झालं, बाईचं काय झालं, पोरांचं काय झालं, हे या तारखा सांगत नाहीत. ते ज्यांनी भोगलं त्यांच्याकडूनच ऐकावं लागतं. यासाठी समाजशास्त्रात आणि इतिहासात एक रीतसर पद्धत आहे. तिला जीवनकथन पद्धत म्हणतात. माणसाला त्याचं सगळं आयुष्य त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं आणि त्या सांगण्यातून समाजातला बदल वाचायचा.

या पद्धतीवर पहिला आक्षेप नेहमी एकच असतो. म्हाताऱ्या माणसांच्या तारखा चुकतात, ती इकडचं तिकडे करतात, मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? या आक्षेपाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर इटलीतल्या तेर्नी नावाच्या गावातून आलं.

तेर्नी हे पोलाद कारखान्याचं गाव. १७ मार्च १९४९ रोजी तिथले कामगार कारखान्यातून बाहेर पडून सभेला निघाले होते. इटलीने नाटो या लष्करी करारात जाऊ नये, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांशी चकमक झाली आणि लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार मारला गेला. बऱ्याच वर्षांनी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली तेर्नीतल्या कामगारांच्या आठवणी टिपत होते. ते मूळचे अमेरिकन साहित्याचे प्राध्यापक. त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळ लोक हा मृत्यू १९४९ मध्ये नाही, १९५३ मध्ये घडल्याचं सांगतात. त्या वर्षी कारखान्याने दोन हजारांहून जास्त माणसं कामावरून काढली होती आणि गावात रस्त्यावर मोठा संघर्ष पेटला होता.

एका माणसाची तारीख चुकली तर म्हातारपण म्हणता येतं. पण एवढ्या जणांची तारीख एकाच दिशेला सरकत असेल, तर तिला काहीतरी ओढत असणार. पोर्तेल्लींनी ते शोधलं. आपला एक तरुण साथी मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे कामगारांना सहन होत नव्हतं. शिवाय दूरच्या एका कराराच्या निषेधात मृत्यू, हे त्या मृत्यूला पुरेसं कारण वाटत नव्हतं. १९५३ मध्ये मात्र ते स्वतःच्या भाकरीसाठी लढले होते. म्हणून आठवणीने त्या मुलाला उचलून त्या लढाईत नेऊन ठेवलं. तारीख चुकीची होती, पण त्या चुकीनेच सांगितलं की त्या गावाला काय बोचत होतं. पोलिसांच्या कागदांत तारीख बरोबर मिळाली असती, हे बोचणं मिळालं नसतं.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. तारीख सरकली हे पोर्तेल्लींना कळलं, कारण खरी तारीख त्यांनी कागदांवरून पक्की केली होती. लोक म्हणाले तेच खरं, असं ही पद्धत म्हणत नाही. आधी खरं काय घडलं ते शक्य तेवढं ठरवायचं, मग सांगणं त्यापासून कुठे आणि का बाजूला जातं ते बघायचं.

हे आपल्या मुलखात कसं करायचं, ते मी एका दादीच्या कथनावरून सांगते. त्यांचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, तसं त्यांना सांगितलं होतं. दादींचे मरहूम शोहर तहसील कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस होते. शेतकऱ्याची तक्रार, वारसाची नोंद, तगाईचा अर्ज, सगळं ते उर्दूत लिहून द्यायचे आणि दर अर्जामागे पैसे घ्यायचे.

पहिल्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला. "दादी, तुमची जिंदगी लहानपणापासून सांगा, जिथून मनात येईल तिथून." यानंतर मध्ये बोलायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण शिक्षकाला फार कठीण जातं, कारण आमची सवय दर दोन वाक्यांनी प्रश्न विचारायची. मध्ये प्रश्न विचारला की माणूस आपली गोष्ट सोडून आपल्या प्रश्नाच्या मागे येतो. मग कशानंतर काय सांगायचं हे त्याचं राहत नाही, आपलं होतं. दादी सव्वा तास बोलल्या. त्यात ज्या वाक्याभोवती सगळं फिरत होतं ते असं : "ॲक्शन हुआ, उर्दू उठ गई, इनका काम बैठ गया." हे वाक्य त्या बैठकीत तीनदा आलं.

ऐकणाऱ्याला सरळ वाटतं की १९४८ मध्ये राज्य गेलं, उर्दू गेली, नवऱ्याचा धंदा गेला. मी रेकॉर्डिंग घरी आणून शब्दन् शब्द उतरवलं. तासाभराच्या बोलण्याला मला सहा-सात तास लागतात. मग वहीवर तीन रकाने पाडले. एकात साल, दुसऱ्यात घरात काय झालं, तिसऱ्यात बाहेर काय झालं. दादींना सालं आठवत नव्हती, कुणालाच आठवत नाहीत. पण खुणा आठवतात, आणि खुणांवरून साल काढता येतं.

पहिली खूण जन्माची. दादींच्या वडिलांनी एका जुन्या किताबाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहून ठेवले होते. दादींच्या नावापुढे १३४५ फसली होतं. निजामाच्या राज्यातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो. म्हणजे जन्म १९३५-३६ चा. ॲक्शनच्या वेळी दादी बारा वर्षांच्या असणार.

दुसरी खूण निकाहची. निकाह ॲक्शननंतर तिसऱ्या साली झाला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. वडिलांनी हेच स्थळ का निवडलं, तेही सांगितलं होतं. मुलगा कचेरीवर बसतो, रोजची कमाई आहे, पावसावर अवलंबून नाही. म्हणजे ॲक्शनला तीन वर्षं झाल्यावरही त्यांचं काम इतकं बरं चाललं होतं की त्यावर मुलगी दिली गेली. 'काम बैठ गया' हे इथेच त्यांच्याच बोलण्याशी जुळत नाही.

तिसरी खूण पैशांची. शोहर संध्याकाळी नाणी मोजायचे. नवे पैसे आले तेव्हा चार आण्यांचे पंचवीस धरायचे की चोवीस, यावर गिऱ्हाइकाशी वाद व्हायचे, असं दादी हसत सांगत होत्या. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. म्हणजे तोपर्यंत गिऱ्हाईक होतं.

चौथी खूण त्यांच्या थोरल्या मुलाकडून मिळाली. त्यांच्याशी मी वेगळी बसले. ते आता निवृत्त आहेत आणि मराठी शाळेत शिकले. ते म्हणाले, मी पाचवीत होतो, अब्बा बोलायचे आणि मी बाळबोध अक्षरात अर्ज लिहायचो. अब्बांना मराठी बोलता यायची, लिहिता येत नव्हती. काही महिन्यांनी अब्बांनी कचेरीवर जाणंच सोडलं आणि एका कापड दुकानात बसू लागले. मुलाचा जन्म १९५३ चा. तेव्हा हे १९६३ च्या आसपासचं. दादी म्हणाल्या होत्या की कचेरी सुटली तेव्हा धाकटी पाळण्यात होती. धाकटीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६१ आहे. आपल्याकडे कितीतरी मुलांचा जन्म १ जूनला झालेला असतो, कारण नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. दिवस आणि महिना सोडून द्यायचा, साल एखाद्या वर्षाच्या फरकाने धरायचं. दोन्ही खुणा जवळपास एकाच जागी येतात.

म्हणजे काम बसलं १९६२-६३ च्या सुमारास. ॲक्शननंतर तब्बल चौदा वर्षांनी. कारणही राज्यबदल हे नव्हतं. मराठवाडा मराठी राज्यात आल्यावर कचेऱ्यांतला कागद हळूहळू मराठी होत गेला, हे कारण होतं. एका दिवशी बंदी आलेली नव्हती. आज दहातले दोन अर्ज मराठीत, पुढच्या वर्षी पाच, मग आठ. थेंबाथेंबाने होणाऱ्या बदलाला तारीख नसते, आणि तारीख नसलेली गोष्ट सांगायला अवघड जाते. माणूस तिला जवळच्या एखाद्या मोठ्या घटनेच्या खुंटीवर टांगतो. तेर्नीत घडलं ते इथेही घडलं, असं म्हणून वही मिटता आली असती.

पण दादींच्या वाक्यातलं एक क्रियापद वेगळं होतं. त्या 'उर्दू बंद हुई' म्हणाल्या नव्हत्या, 'उठ गई' म्हणाल्या होत्या. मी जर पहिल्याच दिवशी त्यांचं बोलणं प्रमाण मराठीत 'उर्दू बंद झाली' असं उतरवलं असतं, तर हे हातून निसटलं असतं. म्हणून दखनीचं दखनीतच उतरवायचं, 'मेरेकू'चं 'मुझे' करायचं नाही आणि 'नक्को'चं 'नहीं' करायचं नाही.

दुसरी बैठक तीन आठवड्यांनी झाली. दुसऱ्या बैठकीत प्रश्न विचारायचे, पण माणसाने पहिल्यांदा जे शब्द वापरले त्यांनाच धरून. आणि 'का' ने सुरू होणारे प्रश्न टाळायचे, कारण 'का' विचारलं की माणूस समर्थन देऊ लागतो, आठवत नाही. मुलगा त्या वेळी बाजारात गेला होता, सून आतल्या खोलीत होती. खोलीत कोण आहे यावर सांगणं बदलतं, म्हणून तेही वहीत लिहून ठेवते. मी म्हटलं, "दादी, उर्दू उठ गई, त्या दिवसांचं अजून सांगा ना." दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मेरेकू भी तो उठा लिए ना मदरसे से."

निजामाच्या राज्यात सरकारी शाळेलाच मदरसा म्हणत. प्राथमिक तो तहतानिया. दादी गावातल्या मुलींच्या तहतानियात चौथीत होत्या. आधीचे काही महिने रझाकारांच्या दहशतीचे होते, गावातली हिंदू घरं भेदरलेली होती. ॲक्शननंतर उलटं झालं, मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं मारली गेली. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला होता. दादींच्या घरचं कुणी गेलं नाही. शेजारच्या एका हिंदू घराने त्यांना आठ दिवस माळ्यावर ठेवलं. घरी परतल्यावर वडील म्हणाले, आता पोरगी गल्लीबाहेर जाणार नाही. शाळा काही महिन्यांनी पुन्हा भरू लागली, बाकीच्या दोन-चार मुली गेल्याही. दादी गेल्या नाहीत. त्यांची दौत आणि तख्ती धाकट्या भावाला दिली गेली.

हे सगळं पहिल्या सव्वा तासात एकदाही आलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "उसमें क्या बोलना? लड़कियों को उठाते ही थे." त्यांच्या लेखी नवऱ्याचा धंदा बसणं ही सांगण्यासारखी गोष्ट होती, स्वतःची शाळा सुटणं नव्हती. पण ते साल कुठेतरी राहिलं होतंच. १९४८ मध्ये उर्दू खरोखर उठली होती, दादींच्या आयुष्यातून. त्यांनी ते साल नवऱ्याच्या गोष्टीला जोडलं, कारण स्वतःच्या गोष्टीला जागाच नव्हती.

मी लावलेला हा अर्थ आहे, त्यामुळे तो दादींना वाचून दाखवला. हा या पद्धतीतला आवश्यक भाग आहे. उतरवलेलं कथन आणि त्यावर आपण काढलेला अर्थ, दोन्ही सांगणाऱ्यापुढे ठेवायचं. त्या म्हणाल्या, "ऐसा मैं सोची नइं थी. पर झूट नइं है." हल्ल्याच्या दिवसांतली दोन नावं त्यांनी काढून टाकायला सांगितली, ती काढली. ज्यांनी आसरा दिला त्या घराचं नाव ठेवा म्हणाल्या. पण त्या घरातल्यांना न विचारता ते लिहिणं बरोबर नव्हतं, म्हणून इथे तेही नाही.

आता या एका घरातून समाजातल्या बदलाबद्दल काय कळलं? एकच बदल, उर्दूकडून मराठीकडे जाण्याचा, एका छपराखालच्या तिघांना तीन वेगळ्या वेळी आणि तीन वेगळ्या वाटांनी भेटला. दादींना १९४८ मध्ये, भीतीच्या वाटेने. शोहरांना १९६२ च्या सुमारास, कचेरीतल्या कागदाच्या वाटेने. मुलाला त्याच सुमारास, पण कमाई म्हणून नाही, अभिमान म्हणून. दहा वर्षांचा पोरगा बापाचा मुन्शी झाला होता, आणि आजही ते सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. बापाला जे हरणं होतं ते मुलाच्या आठवणीत जिंकणं आहे. शाळेचा पट, जनगणना किंवा गॅझेट यांतलं काही सांगू शकत नाही. पटावर दादी फक्त 'गैरहजर' असतील.

आणि काय कळलं नाही, तेही सांगायला हवं. किती अर्जनवीसांचे धंदे गेले, किती मुलींच्या शाळा ॲक्शननंतर सुटल्या, हे एका कथनावरून सांगता येत नाही. ज्यांनी त्या दिवसांत गाव सोडून हैदराबाद किंवा कराची गाठली, ते माझ्या वहीत नाहीत. मारले गेले ते तर नाहीतच. ऐकायला मिळतात ती टिकून राहिलेल्यांची कथनं, आणि टिकलेला माणूस आपली गोष्ट टिकण्याच्या दिशेने सांगतो.

मग किती जणांना ऐकलं म्हणजे पुरे? यावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दानिएल बेर्तो आणि इझाबेल बेर्तो-व्याम यांचं काम मला उपयोगी वाटतं. त्यांनी १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या बेकरी कामगारांची जीवनकथनं जमवली. पहिल्या काही कथनांत प्रत्येक वेळी नवं कळत गेलं. पंधराव्याच्या सुमारास त्या कामाचा एकूण साचा दिसू लागला, आणि पंचविसाव्यापर्यंत आपण तो पकडला आहे याची खात्री झाली. म्हणजे आकडा आधी ठरवायचा नसतो. नवीन कथन जुन्या चित्रात बसू लागलं की थांबायचं, पण त्याआधी मुद्दाम अशी माणसं शोधायची जी ते चित्र मोडतील. अर्जनवीसाच्या घरानंतर मला म्हणूनच विणकराचं घर ऐकावं लागलं, ज्याला कचेरीच्या भाषेशी देणंघेणं नव्हतं. आणि एक हिंदू गुरुजी ऐकावे लागले. त्यांचं बालपण उर्दूत गेलं, त्यांना मराठी शाळा उघडली याचा आनंद झाला होता, आणि तरी त्यांच्या खासगी हिशेबाची वही अखेरपर्यंत उर्दूतच होती. त्यांना ऐकल्यावर 'उर्दू गेली ती मुसलमानांची' हे माझ्या वहीतलं सोपं वाक्य खोडावं लागलं.

तुमच्या घरी ॲक्शनच्या आधी जन्मलेलं कुणी असेल, तर आता ते बरेच वयस्क असतील. फोनवर रेकॉर्डिंग होतं, वेगळं यंत्र लागत नाही. तास-दीड तासापेक्षा जास्त बसू नका, आणि दुसरी बैठक नक्की करा. त्यांनी एखादं साल चुकीचं सांगितलं तर तिथेच दुरुस्त करू नका, घरी येऊन खुणांवरून तपासा. आणि घरातल्या पुरुषाची गोष्ट सांगणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी एवढंच विचारा, की त्या साली ती स्वतः कुठे होती.